कड्याचे वीस झोके

तामिळनाडूतल्या गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत रघुराम रावांचा अकरा माणसांचा एक कारखाना आहे. शाळा-कॉलेजांच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांना लागणारं सगळं सटरफटर तिथे बनतं: स्टँड, शिकंजे, लंबकाच्या गोळ्या, स्प्रिंगा, आणि लोखंडी कडी. कडं म्हणजे अगदी साधी गोष्ट. बोटभर रुंदीची पोलादी पट्टी गोल वाकवायची, टोकाला टोक सांधायचं, घासून गुळगुळीत करायची आणि विकायची. ते घेऊन कॉलेजातली मुलं काय करतात, हे कारखान्यातल्या अकरांपैकी नऊ जणांना ठाऊक नाही आणि त्यांचं त्यावाचून काही अडतही नाही. दहावे स्वतः रघुराम राव. त्यांना ठाऊक होतं, पण तीस वर्षं ऑर्डरींच्या मागे धावता धावता ते विसरले. अकराव्या त्रिपुरसुंदरीबाई.

बाई तंजावरकडच्या मराठी घरातल्या. वय छप्पन्न, उंची बेताची, आवाज मात्र बेताचा नाही. दहावीच्या विज्ञानात त्या दोनदा नापास झालेल्या आहेत. हे त्या लपवत नाहीत, उलट नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाकतात, म्हणजे मग तो त्यांच्याशी वाद घालायला आला की त्याचीच जास्त फजिती होते. कारखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक कडं आधी त्यांच्या खिडकीखालच्या टेबलावरून जातं. तिथे स्टँडवर एक तिकोनी पोलादी तुकडा आडवा बसवलेला आहे, धार वर करून. कडं त्या धारेवर आतल्या बाजूने टांगायचं, दोन बोटं बाजूला ओढायचं आणि सोडायचं. ते आपल्याच काठाला लटकून डुलू लागतं. वीस झोक्यांना, म्हणजे वीसदा जाऊन परत यायला, किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर बघायचं. मग कडं थोडं फिरवून दुसऱ्या जागी टांगायचं, तिसऱ्या, चौथ्या. चारही वेळा वेळ एकच आली तर कडं चांगलं. नाही आली तर सांध्यावर वेल्डिंगचा जाड गोळा राहिलाय असं समजायचं आणि कडं परत घासायला पाठवायचं. वेल्डर म्हणतो, सुंदरीअक्कांच्या टेबलावरून कडं सुटून येणं हे पासपोर्ट मिळण्याहून अवघड आहे.

पास झालेल्या कड्याला सुतळीने एक कार्ड बांधलं जातं. त्यावर कड्याचा व्यास, वीस झोक्यांची वेळ, आणि कोपऱ्यात बाईंची सही: त्रि. एवढंच, देवनागरीतलं एक अक्षर. आता तामिळनाडूभरच्या कॉलेजांत हे अक्षर वाचणार कोण? मदुराईकडच्या एका कॉलेजातून एकदा पत्र आलं होतं की कार्डावरच्या या चिन्हाचं एकक काय आहे ते कृपया कळवावं. रघुराम रावांनी ते पत्र फ्रेम करून लावायचं ठरवलं होतं. ठरवलं होतं, लावलं नाही.

बाईंच्या टेबलावर कड्याच्या शेजारी आणखी एक गोष्ट असते, एक साधा लंबक. दोऱ्याला शिशाची गोळी. तो कुणी मागितलेला नाही, कुठल्या नियमात नाही. तो बाईंचा स्वतःचा. सव्वीस वर्षांपूर्वी त्या नव्या असताना रघुराम रावांनी त्यांना सांगितलं, कड्याची वेळ तेवढ्याच लंबकाशी ताडून बघा. तेवढ्याच म्हणजे केवढ्या, हे सांगायच्या आत त्यांना फोन आला आणि ते बाहेर गेले. बाईंनी आपल्या समजुतीप्रमाणे केलं. कड्याचं सगळं वजन जणू मधल्या बिंदूत आहे, असं धरून त्यांनी गोळी कड्याच्या मध्याशी येईल इतका दोरा घेतला. लंबक पळत सुटला. कडं बिचारं मागून रखडत यायचं. कड्याचे दहा झोके होईतो लंबकाचे चौदा होऊन वर थोडे उरायचे. बाईंना वाटलं, कडं बिघडलं. मग त्यांनी दोरा बोटबोट वाढवायला सुरुवात केली. लंबक मंदावत गेला. आणि गोळी जेव्हा खाली, पार कड्याच्या तळाशी आली, तेव्हा दोघं एका पावलाने चालू लागले. कडं लहान असो, मोठं असो, जड असो, हलकं असो, गोळी तळाशी आली की बरोबर जोडी जमते. चाळीस सेंटीमीटर व्यासाच्या कड्याला चाळीस सेंटीमीटरचा लंबक.

असं का, हे त्यांना संध्याकाळी रघुराम रावांनी कागदावर सूत्र मांडून सांगितलं. ते सूत्र बाईंना त्या दिवशी कळलं नाही, पण त्यातलं एक वाक्य त्यांनी पक्कं धरलं: कड्याला दोन कामं आहेत. मधला बिंदू धारेभोवती न्यायचा आणि त्याच वेळी स्वतःही तेवढंच वळायचं. दोन्ही कामं सारख्याच कष्टाची, म्हणून एका त्रिज्येच्या जागी दोन त्रिज्या लागतात. बाईंना हे लगेच पटलं. ऑफिस आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या बाईचा वेग का कमी होतो, हे त्यांना कुणी सूत्राने समजावून देण्याची गरज नव्हती.

तर अशी ही व्यवस्था सव्वीस वर्षं सुखाने चालली होती. मग नवीन आला.

नवीन हा रघुराम रावांचा मुलगा. इंजिनिअर झाला, वेलचेरीत एका कंपनीत चार वर्षं कॉम्प्युटरपुढे बसला आणि मग एक दिवस वडिलांच्या कारखान्याचा उद्धार करायला गिंडीत दाखल झाला. पोरगा वाईट नाही. कामसू आहे, नम्र आहे, बाईंना मावशी म्हणतो. फक्त त्याला सगळं लिहून काढायची हौस. त्याने पहिल्याच महिन्यात प्रत्येक वस्तूबरोबर एक इंग्रजी माहितीपत्रक द्यायचं ठरवलं: मांडणी कशी करावी, माप कसं घ्यावं, पायरी एक, पायरी दोन. कड्याचं पत्रक लिहायला तो बाईंच्या टेबलाशी आला. बाई तेव्हा मोजत होत्या.

बाईंची मोजायची रीत इथे सांगायला हवी. त्यांचे वडील जॉर्ज टाउनमध्ये धान्याच्या वखारीत तांदूळ मापायचे. माप भरून पोत्यात ओतलं की तोंडाने आकडा म्हणायचा, पण पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही. लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. आपल्याकडे असते ही पद्धत आणि तामिळ लोकांतही आहे. पहिल्याच मापाला शुभ बोललं की पुढची मापं उणी पडत नाहीत, असा समज. बाई लहानपणी शाळेतून सुटल्या की वखारीत जाऊन बसायच्या, आणि लाभ म्हटल्याशिवाय मोजायला सुरुवात करायची जीभच त्यांना उरली नाही. कडं सोडलं, ते एका टोकाला आलं, की त्या मोठ्याने म्हणायच्या, “लाभ,” आणि घड्याळ दाबायच्या. पुढचे आकडे ओठातल्या ओठात. शेवटच्या आकड्याला पुन्हा घड्याळ.

नवीनने विचारलं, “मावशी, घड्याळ नेमकं कधी चालू करायचं?”

मोजताना बाईंशी बोललेलं त्यांना खपत नाही. त्यांनी झोके पुरे होऊ दिले, वेळ कार्डावर लिहिली आणि मग म्हणाल्या, “लाभ म्हणतांना दाबायचें. बस. त्यांत काय आहे?”

“आणि थांबवायचं?”

“वीस म्हणतांना.”

नवीनने लिहून घेतलं. आता त्याची आजी सकवारबाईसुद्धा सैदापेटच्या घरात रोज तांदूळ मापताना लाभ, दोन, तीन असंच म्हणायची, त्यामुळे त्याला लाभ म्हणजे काय ते विचारावं लागलं नाही. उलट, जुनं माणूस जुन्या शब्दात काय बोलतंय ते आपल्याला कळलं, याचा त्याला थोडा अभिमानच वाटला. त्याने स्वच्छ इंग्रजीत पायरी लिहिली, छापली आणि चोवीस कड्यांच्या पुढच्याच खेपेबरोबर पाठवून दिली.

ती खेप वेलचेरीच्या पलीकडच्या एका कॉलेजात गेली. दहा दिवसांनी फोन आला. फोनवरची बाई मराठी बोलत होती, आणि तेही नाशिककडचं, खणखणीत.

“मी सुष्मिता बोलतेय, फिजिक्स डिपार्टमेंटमधून. तुमची कडी चुकीची आहेत. कार्डावर ‘त्रि’ अशी सही आहे. ते त्रि कोण आहेत, मला त्यांच्याशी बोलायचंय.”

सव्वीस वर्षांत ते अक्षर पहिल्यांदा कुणी वाचलं होतं, आणि वाचलं ते भांडायला. फोन नवीनने उचलला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, दिलगिरी व्यक्त केली, दोन दिवसांत येतो म्हणाला आणि बाईंच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा बघून बाईंनी कडं हाताने धरून थांबवलं.

तक्रार अशी होती. मुलांनी आधी साधा लंबक करून गुरुत्वाकर्षणाचं त्वरण काढलं, ते नऊ पूर्णांक आठच्या आसपास आलं, छान. मग कड्यावरून काढलं, तर दहा पूर्णांक आठ. सगळ्या चोवीस कड्यांवर तेच. चाळीस सेंटीमीटरच्या कड्याला कार्डावर वीस झोक्यांची वेळ लिहिलीय पंचवीस पूर्णांक चार सेकंद, आणि मुलांना मिळते चोवीस पूर्णांक एक. कड्याचा आणि लंबकाचा मेळच बसत नाही. सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा, बाहेरून परीक्षक येणार.

“चोवीसही कडी मी तपासलीं,” बाई म्हणाल्या. “चारचार बाजूंनी.”

“हो मावशी. पण हाताने मोजण्यात चूक होऊ शकते.” नवीन हळू आवाजात बोलत होता, आणि तेच बाईंना जास्त लागलं. “मी असंही अप्पांशी बोलणार होतो. एक प्रकाशाचा टायमर येतो. कडं मधून गेलं की किरण तुटतो, आपोआप वेळ नोंदवली जाते. तो घेतला तर हे टेबल... म्हणजे, तुम्ही पॅकिंगकडे बघाल. बसून करायचं काम आहे. आणि कार्डावर मशीनचाच नंबर छापू.”

पॅकिंग. सव्वीस वर्षं कड्यांशी बोलल्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यांना चिकटपट्टी लावायची. बाईंनी थांबवलेलं कडं धारेवरून उतरवून ठेवलं, आणि वेल्डरने काळजीने मान वर करून पाहिलं.

त्या दिवशी घरी जाताना लोकलमध्ये त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. टेबल गेलं तर गेलं. पण चूक खरंच माझी असेल तर? सव्वीस वर्षांत किती कडी गेली असतील, किती पोरांनी आपल्या वह्यांत माझे आकडे उतरवून घेतले असतील, किती जणांना मार्क कमी मिळाले असतील? विज्ञानात नापास होणं काय असतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? कार्डावर सही करताना त्यांना दर वेळी बरं वाटायचं, ते खोटं होतं की काय, या विचाराने त्यांचं उतरायचं स्टेशन मागे पडलं. परत येऊन घरी पोचायला उशीर झाला. नवऱ्याने, राजगोपालांनी, जेवायला वाढून घेतलं होतं आणि रसम सांडलं होतं. एरवी त्यावर बाईंनी पंधरा मिनिटं तोंड चालवलं असतं. आज त्यांनी नुसतं पुसून घेतलं. राजगोपाल घाबरून म्हणाले, “डॉक्टरकडे जायचे काय?”

दुसऱ्या दिवशी बाईंनी रघुराम रावांना सांगितलं, “मी येणार कॉलेजांत. माझा लंबक घेऊन.”

“अक्का, लंबक त्यांच्याकडेही आहे.”

“तो त्यांचा. हा माझा.”

मग काय, बाई, नवीन आणि पेपरात गुंडाळलेला एक लंबक असे तिघं शेअर ऑटोने कॉलेजात पोचले. ऑटोवाल्याने पुडक्यात काय आहे विचारलं, बाई म्हणाल्या, “साक्षीदार.” नवीनला हसू आलं, पण त्याने ते खिडकीबाहेर बघून जिरवलं.

सुष्मिता मॅडम तिशीच्या आतबाहेरच्या, तडतड्या. त्यांनी आधी नवीनकडे बघून विचारलं, “त्रि तुम्ही?” बाई पुढे झाल्या. “मी त्रि. त्रिपुरसुंदरी.” मॅडमनी कार्डाकडे आणि बाईंकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांनी बहुतेक टाय लावलेला कुणी गृहस्थ कल्पिला होता. “या काकू, बसा,” असं त्यांच्या तोंडून आपोआप निघालं. बाईंना आजवर कुणी काकू म्हटलं नव्हतं. त्यांना ते आवडलं, पण आज आवडून घ्यायचा दिवस नव्हता, म्हणून त्या उभ्याच राहिल्या.

“अम्हांस आधीं एक गोष्ट बघूं द्या मा,” त्या म्हणाल्या. “घड्याळ नको. मोजणें नको.”

त्यांनी कॉलेजच्या स्टँडवर कडं टांगलं. शेजारी आपला लंबक लावला, दोरा असा धरून की टांगायची जागा धारेच्या बरोबरीला आली आणि गोळीचा मध्य कड्याच्या तळाच्या बरोबरीला. दोन्ही दोन बोटं बाजूला ओढली आणि एकदम सोडली. कडं गेलं, गोळी गेली. कडं परतलं, गोळी परतली. प्रयोगशाळेतली दहाबारा मुलं येऊन गोळा झाली. दहा झोके झाले, वीस झाले, तीस झाले. झोके बारीक झाले पण दोघांची जोडी सुटली नाही. शाळेत रांगेने चालणाऱ्या दोन बहिणींसारखी ती दोघं जात-येत राहिली.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. “म्हणजे कडं बरोबर आहे. व्यासाएवढ्या लंबकाबरोबर चालतंय. मग आमचे आकडे वेगळे का येतात?” त्या वळून एका मुलीला म्हणाल्या, “भव्या, तू करून दाखव. काल केलंस तसंच.”

भव्या पुढे आली. तिने आधी लंबकाची वेळ घेतली. कडेला आलेली गोळी बघत, “थ्री, टू, वन, झीरो” म्हणत तिने झीरोला घड्याळ दाबलं, पुढे वन, टू करत वीसला थांबवलं. पंचवीस पूर्णांक चार. बाईंनी मान डोलावली. मग भव्याने कडं सोडलं. शेजारी नवीनचं माहितीपत्रक उघडं होतं, त्यात एकदा बघून तिने कडं टोकाला येताच स्पष्ट म्हटलं, “वन,” आणि घड्याळ दाबलं.

बाईंची मान डोलायची थांबली.

भव्या मोजत गेली, वीसला थांबली. चोवीस पूर्णांक एक.

“पोरी,” बाई म्हणाल्या, “तूं एक म्हणटलेंस तेव्हां कडें कुठें होतें?”

“टोकाला, आंटी. निघायच्या वेळी.”

“मग झोका झाला होता काय?”

भव्याने कड्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. “नाही. एकही झाला नव्हता. म्हणजे मी वीस म्हटलं तेव्हा एकोणीसच झाले होते.”

“एकोणीस झोक्यांची वेळ घेऊन वीसने भागली!” मॅडमच्या आवाजात आनंद आणि वैताग दोन्ही होते. “म्हणून झोका छोटा दिसतो, आणि वर्ग केला की चूक दुप्पट होते. दहा पूर्णांक आठ तिथून आलं. पण भव्या, लंबकाला झीरो म्हणतेस आणि कड्याला वन का?”

“मॅम, इथे लिहिलंय.” भव्याने पत्रक पुढे केलं. पायरी चार: ‘वन’ म्हणताना घड्याळ चालू करा. ‘ट्वेंटी’ म्हणताना थांबवा.

सगळ्यांनी नवीनकडे पाहिलं. नवीनने बाईंकडे पाहिलं.

“मावशी, तुम्हीच सांगितलं होतं. लाभ म्हणताना दाबायचं.”

“सांगिटलें की.”

“लाभ म्हणजे एक ना? आजी म्हणायची, लाभ, दोन, तीन.”

बाईंनी खांद्यावरचा पदर सारखा केला. “तुझी आजी तांदूळ मापायची रे,” त्या म्हणाल्या. “माप ओतून झालें की मग लाभ म्हणतात. डब्यांत तांदूळ पडलेला असतो. तो एक. इथें कडें सुटायच्या वेळीं लाभ म्हणायचें. पदरांत कांही पडलेलें नाही. मी लाभ म्हणते, मग एक, मग दोन. पहिल्या आठवड्यांत मीही लाभ, दोन असेंच मोजलें. तुझ्या अप्पांनी मजला चार तास बसवलें होतें. तेव्हां कळलें. पण लाभ सोडवेना. म्हणून ठेवला, आणि पुढें एक लावला.”

“म्हणजे तुमचा लाभ...”

“शून्य.”

सुष्मिता मॅडम टेबलाला धरून हसायला लागल्या. भव्या सोडून बाकीच्या मुलांना मराठी कळत नव्हतं, त्यांना मॅडमनी इंग्रजीत समजावलं, मग त्यांच्यातल्या निम्म्यांना घरची आजी आठवली आणि तीही हसू लागली. नवीनचे कान लाल झाले. पण पोरगा मुळात चांगला आहे हे आधी सांगितलंच. त्याने खिशातून पेन काढलं आणि सगळ्यांसमोर पत्रकावरचा ‘वन’ खोडून ‘झीरो’ केला. मग चोवीसही पत्रकांवर केला. त्याला अर्धा तास लागला, तेवढ्यात मॅडमनी बाईंना कॅन्टीनची कॉफी पाजली आणि विचारलं, “काकू, गोळी तळाशी ठेवायची हे तुम्हाला कुणी शिकवलं? आमची मुलं दर वर्षी मध्याशी ठेवतात.”

“मीही ठेवली होती,” बाई म्हणाल्या. “मी विज्ञानांत दोनदां नापास आहे.” आणि हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा धमकीसारखं न म्हणता, नुसतं सांगितलं.

कारखान्यात परतल्यावर रघुराम रावांना सगळा वृत्तांत मिळाला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, चष्मा कपाळावर सारला आणि मुलाला म्हणाले, “तीस वर्षं हा कारखाना चालवतोय मी. इथे लाभ म्हणजे शून्य, हे तुला अजून कळलं नाही?” वेल्डर इतका हसला की त्याला काम थांबवावं लागलं.

टायमर तरीही आला. एकदा ठरवलेलं तसंच सोडून द्यायला नवीन काही बापासारखा नव्हता. खोकं उघडून, तारा जोडून त्याने ते बाईंच्याच टेबलावर मांडलं, कारण किरणाला कडं लागतं आणि कडं तिथेच टांगलेलं असतं. बाई हाताची घडी घालून बघत राहिल्या. नवीनने यंत्रावर वीस हा आकडा लावला, कडं सोडलं. यंत्र थांबलं तेव्हा पडद्यावर आलं बारा पूर्णांक सात.

नवीनने तारा तपासल्या. पुन्हा केलं. पुन्हा बारा पूर्णांक सात.

“निम्मी वेळ आली,” बाई म्हणाल्या. “कडें जातांनाही किरण तोडतें, येतांनाही तोडतें. तुझें यंत्र अर्ध्या झोक्यास झोका म्हणतें. त्यास चाळीस सांग.”

चाळीस लावलं. पंचवीस पूर्णांक चार. नवीन म्हणाला, “मावशी, याला पण तुम्हीच तपासायला लागणार.” पॅकिंगचा विषय त्या दिवसापासून कुणी काढला नाही. नव्या कार्डांवर यंत्राचा नंबर छापून आला, त्याच्या शेजारी एक रिकामी चौकट होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं: त्रि.

पहिलं कार्ड भरायच्या आधी बाईंनी यंत्र शून्यावर आणलं. पडद्यावर शून्य लुकलुकत होतं आणि कडं धारेवर स्थिर होतं. त्या जरा वाकून शून्याकडे बघत राहिल्या.

“काय झालं?” नवीनने विचारलं.

“कांही नाही. हेंही लाभ म्हणतें,” बाई म्हणाल्या. “मनांत म्हणतें.”

आणि त्यांनी कडं दोन बोटं ओढलं.